विश्लेषण : क्लायंटची सकाळ, आपली रात्र, परदेशी कामाच्या वेळांचे नियम कसे ठरवावेत?

पुण्यात हिंजवडी, खराडी, बाणेर या भागांत रात्री साडेनऊनंतर कोणत्याही सोसायटीत फेरी मारली, तर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलणारी दोन-चार माणसे हमखास दिसतात. परदेशी ग्राहकाशी चाललेला हा ‘कॉल’ आता शहराच्या दिनक्रमाचाच भाग झाला आहे आणि तो आयटी क्षेत्रातील अटळ गोष्ट आहे, असे बहुतेकांनी मान्यही करून टाकले आहे. घड्याळातले अंतर अटळ आहे हे खरे. मात्र त्या अंतराची किंमत कोणी, किती आणि कोणत्या वेळी मोजायची हे चमूने आणि क्लायंटने ठरवायचे असते. बहुतेक ठिकाणी ते ठरवले जात नाही. ते आपोआप होते, आणि आपोआप झाले की रात्र नेहमी आपल्याच वाट्याला येते.

अंतर नेमके किती?

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती वर्षभर तशीच राहते. लंडनच्या क्लायंटबरोबर काम असेल तर प्रश्न फारसा गंभीर नसतो. तिथले सकाळी नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारी दीड आणि हिवाळ्यात अडीच. साडेनऊ ते साडेसहा या आपल्या कार्यालयीन वेळेतले चार ते पाच तास दोघेही जागे आणि कामावर असतात. सिडनीबरोबर सकाळचे दोन-तीन तास मिळतात. न्यूयॉर्कला मात्र सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, म्हणजे त्यांचे कार्यालय उघडते तेव्हा आपले बंद होते.

सर्वात अवघड प्रकरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे, आणि आयटीतील मोठे काम तिथूनच येते. म्हणून उदाहरण तेच घेऊ. समजा, हिंजवडीतील सात जणांचा चमू सिएटलमधील एका विमा कंपनीचे दावे नोंदवणारे सॉफ्टवेअर सांभाळतो. उन्हाळ्यात सिएटल आपल्या साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा तास. पुण्याचा साडेनऊ ते साडेसहा हा दिवस म्हणजे उन्हाळ्यात सिएटलचे रात्री नऊ ते पहाटे सहा. दोन्ही कार्यालयांच्या वेळेत सामाईक एक मिनिटही नाही. थेट बोलायचे तर कोणाला तरी आपली सकाळ, संध्याकाळ किंवा रात्र द्यावी लागणार.

मार्च आणि नोव्हेंबरमध्ये गोंधळ का होतो?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. ब्रिटन आणि युरोपातही असे होते, पण मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबरला. त्यामुळे वर्षातले सुमारे चार आठवडे असे असतात की लंडन आणि सिएटल यांच्यातले नेहमीचे आठ तासांचे अंतर सात होते. तीन देशांतील माणसांची एकत्र बैठक असेल तर याच आठवड्यांत कोणीतरी एक तास आधी येऊन एकटाच बसलेला असतो.

आपले घड्याळ हलत नाही म्हणून हा आपला प्रश्न नाही, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो आपलाच असतो. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची बैठक टाकताना ती कोणत्या तरी एका गावाच्या वेळेला बांधलेली असते. ती `America/Los_Angeles` या वेळेला सकाळी साडेआठची म्हणून नोंदवली, तर पुण्यात ती ऑक्टोबरमध्ये रात्री नऊला होते आणि २ नोव्हेंबरपासून रात्री दहाला. कोणी निर्णय घेतला नाही, कोणी विचारले नाही. हिवाळ्याचे चार महिने सात घरांची जेवणाची किंवा झोपेची वेळ एक तास सरकली. हीच बैठक `Asia/Kolkata` या वेळेला बांधली असती तर पुण्यात नऊच राहिले असते आणि सिएटलमध्ये सकाळचे साडेसात झाले असते. तेव्हा तिकडून लगेच पत्र आले असते. बैठक कोणाच्या घड्याळाला बांधायची हा तांत्रिक तपशील वाटतो, पण हिवाळ्यातला तो एक तास कोणाचा जाणार याचा निर्णय तिथेच होतो. बहुतेक निमंत्रणे क्लायंटकडून येतात, त्यामुळे हा निर्णयही तिकडेच होऊन जातो.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो फार कमी चमू वापरतात. उन्हाळ्यात रात्रीची वेळ स्वस्त पडते : पुण्याचे नऊ म्हणजे सिएटलचे सकाळी साडेआठ. हिवाळ्यात मात्र सकाळची वेळ स्वस्त होते. कारण तेव्हा सिएटलची संध्याकाळ आपल्या सकाळीकडे एक तास सरकते. पुण्याचे सकाळी आठ म्हणजे तिकडचे आदल्या दिवशीचे संध्याकाळी साडेसहा. म्हणून नोव्हेंबर ते मार्च बैठक सकाळी आठला आणि मार्च ते नोव्हेंबर रात्री नऊला, असा बदल वर्षातून दोनदा ठरवून करता येतो. यात सिएटलवाल्यांनाही काही महिने संध्याकाळी अर्धा-पाऊण तास उशिरा थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. सकाळच्या बैठका पुण्याच्या मंगळवार ते शनिवारमध्ये बसतात, कारण आपली सोमवारची सकाळ म्हणजे त्यांची रविवारची संध्याकाळ. शनिवार आपला सुटीचा म्हणून सोडायचा, तर उरतात मंगळवार ते शुक्रवार. चार दिवस पुरेसे आहेत. खरे तर दोन पुरेसे आहेत.

बैठका कमी केल्या तर काम कसे चालेल?

इथे या विषयाचा गाभा आहे. सामाईक वेळ नसलेल्या चमूत प्रत्येक प्रश्नाची किंमत एक दिवस असते. पुण्यातून सोमवारी सकाळी अकराला विचारलेला प्रश्न सिएटलमध्ये रविवारी रात्री साडेदहाला पोहोचतो, तिथला माणूस तो सोमवारी सकाळी वाचतो, उत्तर देतो, आणि ते आपण मंगळवारी सकाळी वाचतो. शुक्रवारच्या प्रश्नाचे उत्तर थेट सोमवारी. म्हणजे आठवड्यात अशा फेऱ्या होतात फक्त पाच. त्यातली एक वाया घालवणे म्हणजे एक दिवस वाया घालवणे.

एक प्रसंग घेऊ. १ मे २०२६ हा शुक्रवार आहे. महाराष्ट्र दिनामुळे पुण्याचा चमू सुटीवर. सोमवारी, ४ मे रोजी लक्षात येते की एप्रिलच्या अहवालात दाव्यांची संख्या कमी भरते आहे. शोध घेतल्यावर कारण सापडते. सिएटलमधील एका ग्राहकाने ३० एप्रिलला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी दावा दाखल केला, पण प्रणाली वेळ यूटीसीमध्ये साठवते आणि यूटीसीनुसार तेव्हा १ मेच्या सकाळचे ६.४० झाले होते. त्यामुळे हा दावा आणि त्या संध्याकाळचे इतर दावे मे महिन्यात मोजले गेले. आता अहवालात ग्राहकाची स्थानिक तारीख धरायची की यूटीसीची, हे क्लायंटनेच सांगायला हवे.

नेहमीच्या पद्धतीने पुण्यातून निरोप जातो : ‘एप्रिलच्या अहवालात एक अडचण आहे, आपण थोडे बोलू शकतो का?’ मंगळवारी सकाळी उत्तर वाचायला मिळते : ‘हो, काय अडचण आहे?’ मंगळवारी आपण समजावून सांगतो. बुधवारी सकाळी प्रश्न येतो : ‘कोणता अहवाल, वित्त विभागाचा की नियामकाला जाणारा?’ बुधवारी आपण उत्तर देतो, आणि निर्णय गुरुवारी सकाळी हाती येतो. किंवा, अधिक वेळा, मंगळवारी रात्री दहाला सगळ्यांना एक तातडीची बैठक लागते. सात माणसे, एक तास, आणि त्यात निर्णय घेणारा माणूस हजर नसतो. या बैठकीला कोणी खर्च म्हणत नाही, कारण तो कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता हाच निरोप दुसऱ्या रीतीने लिहून पाहू : ‘वित्त विभागाच्या एप्रिल अहवालात ३० एप्रिलच्या संध्याकाळचे दावे मे महिन्यात मोजले गेले आहेत, कारण अहवाल यूटीसी तारीख धरतो. सोबत तीन दाव्यांचे नमुने आहेत. पर्याय अ : ग्राहकाची स्थानिक तारीख धरणे; काम अर्ध्या दिवसाचे, पण मार्चचा अहवालही बदलेल. पर्याय ब : यूटीसीच ठेवणे आणि अहवालावर तशी टीप देणे. आमची शिफारस अ. मंगळवार, ५ मे, सिएटल वेळ संध्याकाळी ५ पर्यंत उत्तर आले नाही, तर आम्ही अ पर्याय चाचणी प्रणालीवर तयार करू. खऱ्या अहवालाला तुमच्या होकाराशिवाय हात लावणार नाही. निर्णय कोणाचा : वित्त विभागाचे प्रमुख.’

हे लिहायला वीस मिनिटे लागतात. उत्तर मंगळवारी सकाळी मिळते, आणि नाही मिळाले तरी बुधवारी सकाळी काम अडत नाही. या निरोपातले सर्वात महत्त्वाचे वाक्य ‘उत्तर आले नाही, तर’ हे आहे. परदेशी चमूंमध्ये हे लिहायला आपली माणसे कचरतात. क्लायंटला मुदत देणे उद्धट वाटते, परवानगीवाचून पाऊल टाकणे जोखमीचे वाटते. म्हणूनच त्याला मर्यादा हवी : गप्प राहणे म्हणजे होकार, हा नियम फक्त मागे घेता येणाऱ्या कामालाच लागू करायचा. चाचणी प्रणालीवरचा बदल मागे घेता येतो. ग्राहकांचा मजकूर पुसणे, पैसे वळते करणे, नियामकाला अहवाल पाठवणे यांना तो कधीच लागू नाही. हा फरक कामाच्या सुरुवातीलाच क्लायंटशी लेखी ठरवलेला असावा, म्हणजे प्रत्येक वेळी धाडस करावे लागत नाही.

‘उद्या’ म्हणजे कोणाचा उद्या?

तारीख आणि वेळ लिहिण्याच्या सवयींतून होणारे घोटाळे क्षुल्लक वाटतात, पण सर्वाधिक चिडचिड त्यांचीच असते. ०५/०६ ही तारीख आपल्यासाठी ५ जून, अमेरिकनांसाठी ६ मे. ‘ईओडी’पर्यंत देतो, असे म्हटले तर पुण्याचा दिवस संपतो तेव्हा सिएटलचा सुरूही झालेला नसतो. शुक्रवारी रात्री १२ म्हणजे गुरुवार-शुक्रवारच्या मधले की शुक्रवार-शनिवारच्या मधले, यावर तर एकाच गावातली दोन माणसेही भांडतील. उपाय कंटाळवाणा आहे : वार, तारीख, महिन्याचे नाव अक्षरांत आणि गावाचे नाव, हे चारही दर वेळी लिहायचे. ‘मंगळवार, ५ मे, सिएटल वेळ संध्याकाळी ५’. ‘उद्या’ आणि ‘आज रात्री’ हे शब्द परदेशी निरोपांतून काढूनच टाकलेले बरे. वेळेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरेही टाळावीत. ‘आयएसटी’ म्हटले की आपल्याला भारत आठवतो, आयर्लंडच्या माणसाला त्याची उन्हाळी वेळ आणि इस्रायलच्या माणसाला त्याची प्रमाणवेळ.

तातडीचे काम आले तर?

‘तातडीचे’ म्हणजे काय, हे आधी लिहिलेले नसेल तर सगळेच तातडीचे होते. आपल्या उदाहरणात व्याख्या एका ओळीत बसते : ग्राहकांना दावा दाखल करता येत नसेल किंवा त्यांची माहिती चुकीच्या माणसाला दिसत असेल, तर फोन करावा, कोणत्याही वेळी. बाकी सर्व सकाळी. फोन एकाच क्रमांकावर यावा आणि तो सात जणांमध्ये आठवड्याच्या पाळीने फिरावा. ज्याची पाळी नाही त्याने रात्री गटावर उत्तर देऊ नये. हा नियम सर्वात जास्त मोडतात ती चमूचीच उत्साही माणसे. एकाने रात्री साडेअकराला उत्तर दिले की क्लायंटला वाटते की रात्री साडेअकराला माणूस उपलब्ध असतो, आणि महिन्याभरात तो नियमच होऊन बसतो.

याच्याशीच जोडलेला आणखी एक मुद्दा नवीन आवृत्ती प्रत्यक्ष वापरात सोडण्याचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पुण्याने बदल सोडला की सिएटलमध्ये शुक्रवारची पहाट असते. तिथली माणसे कामाला बसून वापर सुरू करतात तेव्हा दोष दिसतो आणि इथे सगळे शनिवार-रविवारच्या सुटीवर निघालेले असतात. मंगळवार ते गुरुवार सकाळी दहा-अकराच्या सुमारास बदल सोडला तर तिकडे रात्र असते, वापर कमी असतो आणि काही बिघडले तर दुरुस्तीसाठी पुण्याचा पूर्ण दिवस हाती असतो. अर्थात त्या वेळी क्लायंटकडील निर्णय घेणारा झोपलेला असतो. म्हणून बदल मागे घेण्याचा अधिकार चमूकडे आधीच दिलेला असायला हवा.

रात्रीच्या कॉलचे तास मोजले जातात का?

बहुतेक ठिकाणी नाही. महाराष्ट्रात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा २०२५ पर्यंत दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता, आणि कामाचा दिवस सुरुवातीपासून शेवटापर्यंत, विश्रांती धरून, साडेदहा तासांत बसवण्याची अपेक्षा करत होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. याच कायद्यानुसार महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत कामावर ठेवण्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतुकीसह इतर व्यवस्था लागते. पण हे सर्व नियम कार्यालयाच्या दारातून आत-बाहेर जाणारी माणसे डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. घरच्या गच्चीवरचा कॉल दारावरच्या यंत्रात नोंदला जात नाही. व्यवस्थापकीय पदांना तर यातील बऱ्याच तरतुदी लागूच होत नाहीत, आणि आयटीत पाच वर्षांत प्रत्येक जण कसला ना कसला ‘मॅनेजर’ होतो. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्कासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले, पण असा कायदा आपल्याकडे अजून नाही.

कायद्याची वाट न पाहता चमूला स्वतः एक गणित करता येते. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांविषयीच्या निर्देशानुसार दोन दिवसांच्या कामात सलग अकरा तासांची विश्रांती हवी. रात्रीचा कॉल अकराला संपला आणि सकाळी साडेनऊला कार्यालयात हजेरी लावायची असेल, तर मधले अंतर साडेदहा तास. त्यातून हिंजवडीचा पूल आणि वाकडचा चौक वजा करा. अकरा तासांचा नियम स्वीकारला तर अकराला कॉल संपवणारा दुसऱ्या दिवशी दहाच्या आत कामाला लागत नाही, आणि कार्यालयात सक्तीच्या हजेरीचे नियम करणाऱ्या मनुष्यबळ विभागाला ते मान्य असायला हवे. सध्या आठवड्यातले ठराविक दिवस कार्यालयात या म्हणणारा विभाग एक आणि रात्रीचे कॉल ठरवणारा विभाग दुसरा, त्यामुळे दोन्हीचा हिशेब कोणीच एकत्र करत नाही.

नियम चालत आहेत की नाही, हे ओळखायला मोठी पाहणी नको. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या कॅलेंडरमधून रात्री नऊनंतरच्या आणि सकाळी आठपूर्वीच्या बैठका मोजाव्यात. आकडा एकाच माणसाच्या नावावर वाढत असेल, तर वेळेचे अंतर सगळ्या चमूच्या वतीने तोच भरून काढतो आहे आणि राजीनाम्याचे पत्रही बहुधा तिथूनच येणार. दुसरी खूण म्हणजे ‘थोडे बोलू शकतो का’ असे किती निरोप आले. ते वाढले की लिहिणे ढासळले आहे.

हे क्लायंटला कोण सांगणार?

हे सर्व नियम एका ठिकाणी लागू पडत नाहीत. चोवीस तास चालणारी मदतसेवा असेल तर तिथे बैठकीच्या वेळा जुळवण्याचा प्रश्नच नाही. तिथे रात्रपाळी लागते, आणि तिला रात्रपाळी म्हणून भत्ता, गाडी आणि दुसऱ्या दिवशीची सुटी द्यावी लागते. दिवसपाळीच्या पगारात रात्रपाळीचे काम करून घेणे, हा यातला खरा गैरप्रकार आहे.

बाकीच्या चमूंसाठी अडचण नियम सुचण्याची नसते. ते क्लायंटसमोर मांडण्याची असते. चमूप्रमुखाला ते जमत नाही, कारण तो प्रकल्प सुरू झाल्यावर येतो आणि तोवर विक्री विभागाने ‘आमची माणसे तुमच्या वेळेनुसार उपलब्ध असतील’ असे सांगून ठेवलेले असते. म्हणून याची जागा करारासोबतच्या कामाच्या तपशीलपत्रात आहे, जिथे दर आणि मुदती लिहिल्या जातात. सामाईक वेळेचे आठवड्याचे तास किती, त्यातले किती तुमच्या संध्याकाळी आणि किती आमच्या रात्री, घड्याळ बदलल्यावर बैठक कोणत्या वेळेला सरकणार, तातडीची व्याख्या काय आणि त्या फोनचा दर काय, दोन्हीकडच्या सुट्यांची यादी. गणपतीचे दिवस आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारे थँक्सगिव्हिंग एकाच तक्त्यात असावे. अमेरिकन क्लायंट अशा लेखी अटींवर रागावतात, हा समज अनेक जण न विचारताच धरून चालतात. तिथल्या कंपन्या आपल्या इतर पुरवठादारांशी याहून कितीतरी बारीक अटींवर सह्या करत असतात. २०२७ साठीचे करार नूतनीकरणाला येतील तेव्हा या पाच ओळी मसुद्यात घालण्याचे काम विक्री विभागाचे आहे, आणि त्या आहेत की नाहीत हे सही होण्याआधी वाचून पाहण्याचे काम चमूप्रमुखाचे.